पासवरची वेळ आणि स्क्रीनवरचं गेट

मुंबईहून दुबईमार्गे शिकागोला निघालेल्या प्रवाशाच्या हातात चेक-इन काउंटरवर एकदम दोन बोर्डिंग पास पडतात. मावशीने ते दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढला, मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘यातलं माझ्या कामाचं काय ते सांग. दुसऱ्यावर गेटच नाही. छापायला विसरले का?’

कोणी विसरलेलं नव्हतं. पास मुंबईत छापला जातो तेव्हा दुबईहून पुढे जाणारं विमान कोणत्या गेटला लागेल हे बहुतेक वेळा ठरलेलंच नसतं. म्हणून ती जागा कोरी राहते. आणि गेट छापलेलं असलं तरी ते नंतर बदलू शकतं. पास म्हणजे छापताना जे ठरलं होतं त्याची नोंद, विमानतळावरची स्क्रीन म्हणजे या क्षणी जे चालू आहे ते. पहिल्यांदा उडणाऱ्याने एवढा फरक धरून ठेवला की पासवरचे निम्मे अक्षर-आकडे त्याला घाबरवत नाहीत.

मावशीच्या दुसऱ्या पासवर साधारण असा मजकूर होता. नाव आणि वेळा उदाहरणापुरत्या धराव्यात.

```
PATIL/SUMANMRS
EK 235   12NOV   DXB - ORD
BOARDING 08:40   DEP 09:40
GATE --  SEAT 31C  ZONE C  SEQ 087
```

नाव आधी आडनाव, मग नाव असं येतं आणि MRS ही अक्षरं नावाला चिकटून छापली जातात. ‘सुमनमर्स’ पाहून मावशी हबकली होती, कारण पासपोर्टवर तसं नाही. ती छपाईची रीत आहे, चूक नाही. आडनाव आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय ना, एवढंच पाहायचं. EK म्हणजे एमिरेट्स, DXB म्हणजे दुबई, ORD म्हणजे शिकागोचा ओ’हेअर विमानतळ. तारखेत वर्ष नसतं. खरा घोळ पहिल्या पासच्या तारखेत होतो. मुंबईचं विमान 12NOV रोजी 04:30 ला असेल, तर ती बारा तारखेची पहाट. घरातून अकराच्या रात्री निघायचं. बाराच्या संध्याकाळी बॅग भरून तयार झालेल्या माणसाचं विमान केव्हाच गेलेलं असतं.

शेवटच्या ओळीने मावशीला सगळ्यात जास्त छळलं. SEQ 087 तिला गेट ८७ वाटलं. तो फक्त चेक-इनचा अनुक्रमांक आहे, प्रवाशाला त्याचं काही काम नाही. ZONE C मात्र दुबईत खरोखर फसवतो. ही विमानात चढण्याच्या गटाची खूण आहे. पण दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये A, B आणि C अशा तीन इमारती आहेत आणि गेटच्या आकड्याआधी त्याच इमारतीचं अक्षर लागतं. पासवर C वाचून कोणी C इमारतीकडे चालू लागला आणि विमान A मध्ये असलं, तर परत फिरून रेल्वेने जावं लागतं, कारण A आणि B यांच्यामध्ये विमानतळाची अंतर्गत गाडी धावते. गेटचं अक्षर GATE या शब्दाशेजारचंच मानायचं, दुसरं कुठलंही नाही.

आता वेळ. पासवरच्या दोन्ही वेळा त्या त्या विमानतळाच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मावशी सकाळी ०६:०५ ला दुबईत उतरणार, तेव्हा तिच्या मनगटावर ७:३५ वाजलेले असणार. फोन एअरप्लेन मोडवर राहिला तर तोही भारतीय वेळच दाखवणार. त्या घड्याळाशी 08:40 ताडून पाहिलं तर तासभरच उरलाय असं वाटून धाप लागते. प्रत्यक्षात अडीच तासांहून जास्त वेळ हातात असतो. म्हणून उतरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघून स्वतःचं दुरुस्त करणं.

आणि 09:40 ही वेळ विसरून जायची. ती विमान जागेवरून हलण्याची आहे. एमिरेट्सचं गेट विमान सुटण्याच्या २० मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे मावशीसाठी ९:२० ही शेवटची रेघ. 08:40 ही तिथे जाऊन बसण्याची वेळ.

विमानातून बाहेर पडल्यावर ‘Connections’ या पाटीमागे जायचं, ‘Arrivals’ च्या मागे नाही. पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते, पाण्याची बाटली तिथे काढून घेतात. मोठी बॅग मुंबईत दिलेली असते. पावतीच्या चिकटपट्टीवर ORD छापलंय हे मुंबईतच पाहून घेतलं की दुबईत तिची चिंता नको.

तपासणीनंतर स्क्रीनची रांग दिसते. वेळ, शहर, विमानाचा क्रमांक, गेट, शेरा, असे रकाने असतात. मजकूर कधी अरबीत, कधी इंग्रजीत उमटतो. अरबी दिसलं तर थोडं थांबायचं, पान उलटतं. शहराच्या नावावर विसंबू नये, कारण लंडनसारख्या शहराला दिवसात कितीतरी विमानं असतात. EK 235 हा क्रमांकच शोधायचा. एकाच विमानाला दोन कंपन्यांचे क्रमांक असू शकतात. एमिरेट्सच्या काही विमानांवर क्वांटासचा QF ने सुरू होणारा क्रमांकही झळकतो. आपला क्रमांक दिसेनासा झाला तर घाबरू नये, वेळ आणि शहर तेच असेल तर तो पुन्हा येईपर्यंत बघत राहावं.

शेऱ्याच्या रकान्यात ‘Boarding’ आलं की चढायला सुरुवात झाली, ‘Final call’ आलं की उठून चालायला उशीर झालाय. ‘Delayed’ दिसलं तर नवी वेळ वाचायची, पण गेटपासून लांब जायचं नाही, कारण ती वेळ पुन्हा अलीकडे येऊ शकते आणि गेटही बदलू शकतं. हे सारखं बघत राहावं लागतं, कारण दुबई हा शांत विमानतळ आहे. तिथे एसटी स्टँडसारखी गाडी लागल्याची घोषणा होत नाही. नाव पुकारतील म्हणून गेटपासून दूर डुलकी घेणाऱ्याला उठवायला कोणी येत नाही. ही सोय अनुभवी प्रवाशाला बरी वाटते, पण पहिल्यांदा जाणाऱ्या सत्तरीच्या माणसावर ती अन्याय करते, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेला जाणाऱ्या पासवर कधी SSSS अशी चार अक्षरं छापलेली असतात. त्याचा अर्थ जादा तपासणी, गुन्हा नव्हे. सामान उघडून पाहतात, त्यात वेळ जातो. अशा वेळी गेटवर अर्धा तास आधीच पोहोचावं.

फोटोबद्दलही सांगायला हवं. पासवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या बारकोडमध्ये नाव आणि सहा अक्षरांचा पीएनआर दोन्ही असतात. आडनाव आणि पीएनआर मिळाला की अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते बुकिंग उघडता येतं. म्हणून फोटो घरच्या माणसाला जरूर पाठवा, स्टेटसला किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

आईवडिलांना एकटं पाठवणार असाल तर दुसऱ्या पासच्या मागे पेनने मराठीत तीन ओळी लिहून द्या: विमान EK 235, गेट स्क्रीनवर बघायचं, दुबईच्या ९:२० ला, म्हणजे आपल्या १०:५० ला, गेट बंद. आणि काही सुचेनासं झालं तर दोन्ही पास आणि पासपोर्ट घेऊन ‘Connections’ च्या काउंटरवर उभं राहायला सांगा. तिथे बोलता आलं नाही तरी पास पुढे केला की पुरतं.