एकोणीस चलानं आणि एक बिल

स्लॅब टाकायचा दिवस म्हणजे साइटवरचं लग्नघर. पहाटेच पंप येऊन उभा राहतो, वर गवंडी आणि मजूर सळयांवरून तोल सावरत फिरत असतात आणि खाली रस्त्यावर काँक्रीटच्या मिक्सर गाड्यांची रांग लागते. प्रत्येक ड्रायव्हर उतरला की एक कागद पुढे करतो. सुपरवायझर तो स्वतःच्या मांडीवर ठेवून सही ठोकतो आणि खिशात कोंबतो. संध्याकाळी खिशातून निघतो तो ओला, सिमेंटच्या बोटांचे ठसे उमटलेला चलानांचा गठ्ठा. त्याचे फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात आणि सगळे आंघोळीला जातात.

काही दिवसांनी काँक्रीटवाल्याचं बिल येतं. पैसे सोडण्याआधी हिशेबनीसाने तीन कागद शेजारी ठेवायचे असतात: आपण दिलेली पर्चेस ऑर्डर, मालाबरोबर आलेली चलानं आणि हे बिल. किती मागवलं, किती आलं आणि कितीचे पैसे मागतायत, असे हे तीन प्रश्न. हिशेबाच्या भाषेत याला थ्री-वे मॅचिंग म्हणतात. काम तिसरीतल्या बेरजेचं वाटतं. ते तसं का नाही, हे पाहण्यासाठी तयार काँक्रीट, म्हणजे आरएमसी, यासारखा दुसरा माल नाही. तो मोजून घेता येत नाही, परत ठेवता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो दगड झालेला असतो.

एक नमुना घेऊ. ऑर्डर आहे एम-२५ प्रतीच्या १०० घनमीटर काँक्रीटची, दर घनमीटरला ५,५०० रुपये. बिल आलंय १०५.५ घनमीटरचं. ऑफिसात कागदांवरचे आकडे उचलणारं सॉफ्टवेअर आहे. चलानांचे फोटो त्यात टाकले की ते प्रत्येकाचा नंबर, प्रत आणि परिमाण वाचून तक्ता भरतं. एकोणीस फोटो टाकले. बेरीज आली १४३.

म्हणजे मागवलं १००, आलं १४३ आणि बिल १०५.५. काँक्रीटवाला साडेसदतीस घनमीटर माल फुकट वाटत सुटलेला नसणार, हे उघड आहे. मग चूक वाचण्यात आहे. अशा वेळी आधी मालाकडे न बघता वाचनाकडे बघावं, असा माझा आग्रह असतो. कारण सप्लायरला फोन लावून आवाज चढवल्यावर चूक आपल्याच फोटोत सापडली, की पुढच्या खऱ्या तक्रारीचं वजन जातं.

वाचनाची चूक ओळखायला मालाची जाण लागते, संगणकाची नव्हे. साध्या मिक्सर गाडीत सहा-सात घनमीटर मावतं. तक्त्यात एका गाडीपुढे ३५ दिसतंय. पस्तीस घनमीटर काँक्रीटचं वजन चौऱ्याऐंशी टनांच्या घरात जाईल. ती गाडी गेटपर्यंतसुद्धा पोचणार नाही. ही शेवटची गाडी होती आणि तिच्यात साडेतीन घनमीटर होतं. दशांशचिन्हावर पाण्याचा थेंब पडला आणि ३.५ चे ३५ झाले. इथे साडेएकतीस कमी झाले. मग चलान नंबर तपासले तर एक नंबर दोनदा आलाय. सुपरवायझरनेही फोटो टाकला होता आणि साइट इंजिनिअरनेही. आणखी सहा गेले. उरले १०५.५, एकूण अठरा गाड्या: सतरा भरलेल्या, सहा-सहाच्या, आणि शेवटची साडेतीनची.

या शोधाला एक जवळची वाटही होती. आरएमसीच्या बहुतेक चलानांवर दोन परिमाणं छापलेली असतात: या गाडीतलं आणि आजवर गेलेलं एकूण. शेवटच्या चलानावरचं एकूण १०५.५ असेल तर १४३ ही बेरीज तिथेच बाद होते. पण हाच दुसरा रकाना मशीनला चकवतोही. गाडीच्या ६ ऐवजी ते एकूणचे ५४ उचलतं. म्हणून दोन्ही रकाने वेगवेगळे वाचून घ्यायचे आणि एकाने दुसऱ्याची साक्ष काढायची. हाताने लिहिलेल्या आकड्यांचं दुखणं निराळंच. आपला देवनागरी १ इंग्रजी नवासारखा दिसतो, घाईत काढलेला ५ इंग्रजी चारासारखा. सुपरवायझर ज्या लिपीत लिहितो तीच लिपी मशीन धरून चाललंय ना, हे एकदा विचारून घेतलेलं बरं.

बिलाच्या वाचनाची खातरजमा तुलनेने सोपी असते. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून जीएसटीचं ई-इन्व्हॉइस काढावं लागतं आणि त्यावर क्यूआर कोड असतो. त्या कोडमध्ये परिमाण नसतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. असते ती बिलाची एकूण रक्कम आणि बिलात किती ओळी आहेत ती संख्या. आपल्या नमुन्यात एकच ओळ आहे. १०५.५ गुणिले ५,५०० म्हणजे ५,८०,२५० रुपये, त्यावर अठरा टक्के कर १,०४,४४५, एकूण ६,८४,६९५. कोडमधली रक्कम हीच निघाली तर बिल बरोबर वाचलं गेलंय. पंपाच्या भाड्याची दुसरी ओळ असती आणि मशीनने ती गाळली असती, तर ओळींच्या संख्येनेच चुगली केली असती.

तर आता चलानं १०५.५, बिल १०५.५. तक्त्यात हिरवी खूण उमटते आणि नेमक्या याच क्षणी मला स्वस्थ बसवत नाही. कारण चलान कुणी छापलं? काँक्रीटवाल्याच्या प्लांटने. बिल कुणी काढलं? त्यानेच. दोन्ही आकडे एकाच संगणकातून आलेत, ते जुळले यात नवल काय? माल प्लांटमधून निघाला एवढंच छापील चलान सांगतं. तो आपल्याकडे पोचला आणि आपण तो घेतला, हे सांगते ती फक्त त्याच्यावरची आपल्या माणसाची सही आणि शेरा. तीन कागदांच्या जुळणीत आपल्या बाजूची साक्ष एवढीच असते, आणि मशीन नेमकी तीच वाचत नाही.

नमुन्यातलं नववं चलान उघडून बघा. छापील परिमाण ६. त्यावर निळ्या पेनाने तिरकं लिहिलंय: ‘परत. उशीर.’ ती गाडी वाहतुकीत अडकली होती. गाडी भरल्यापासून दोन तासांच्या आत काँक्रीट ओतून व्हावं, असं आयएस ४९२६ हे भारतीय मानक धरतं. त्यापुढे जायचं तर काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं यासाठी रसायन घातलेलं असण्यासारखं कारण लागतं. भरल्याची वेळ चलानावर असते. इंजिनिअरने घड्याळ बघितलं आणि गाडी तशीच पाठवली. प्लांटच्या संगणकात मात्र ती ‘गेली’ म्हणून नोंदली गेली ती तशीच राहिली. मशीनने छापील ६ उचलला आणि पेनाचा शेरा कागदावरचा डाग समजून सोडून दिला.

म्हणजे प्रत्यक्षात घेतलं ९९.५ घनमीटर. सहा घनमीटरचे ३३,००० रुपये आणि त्यावरचा कर ५,९४० मिळून ३८,९४० रुपये जास्त मागितले गेलेत. यात लबाडी असेलच असं नाही. बहुधा प्लांटवर कुणीतरी परतीची नोंद करायला विसरलं. यावर उपाय म्हणजे काँक्रीटवाल्याने तेवढ्याची क्रेडिट नोट काढायची. आपण नुसते पैसे कापून दिले तर त्याच्या वहीत येणं तसंच राहतं आणि वर्षअखेरीला खातं जुळवताना तोच वाद नव्याने उठतो.

हे सापडलं कशामुळे? ऑर्डरमुळे. सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरपेक्षा पाच टक्के जास्त चालेल अशी सूट ठेवलेली असते, आणि ती लागतेच: सेंट्रिंग थोडं फुगतं, पाइपात माल उरतो, थोडा सांडतो. शंभरावर पाच टक्के म्हणजे १०५. बिल अर्ध्या घनमीटरने त्याच्या वर गेलं म्हणून कुणीतरी कागद उघडले. शेवटच्या गाडीत साडेतीनऐवजी तीनच घनमीटर असतं तर बेरीज बरोबर १०५ झाली असती आणि परत गेलेल्या गाडीचे पैसे कुणालाही न कळता दिले गेले असते. म्हणून आकडे जुळोत न जुळोत, हाताचा शेरा असलेलं प्रत्येक चलान माणसाच्या डोळ्यांखालून जायलाच हवं. अठरा कागदांना पाच मिनिटं लागतात. शिवाय वॉचमनच्या गेट रजिस्टरमध्ये गाडी आत आली आणि बाहेर गेली याच्या वेळा असतात. भरलेली गाडी आठ मिनिटांत बाहेर पडलेली दिसली तर ती रिकामी झालेली नाही.

एवढं करूनही एक गोष्ट या तीन कागदांतून कधीच कळत नाही: सहाच्या गाडीत खरंच सहा होतं का? त्यासाठी अधूनमधून, न सांगता, एखादी गाडी वाटेतल्या वजनकाट्यावर न्यायची. घनमीटरला साधारण २,४०० किलो धरले तर सहाचं वजन १४.४ टन भरतं. भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं घ्यायची. तेरा टन निघालं तर तो चलान वाचण्याचा प्रश्न उरत नाही.

आणि हे सगळं सावकाश करून चालत नाही. काँक्रीटवाला सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा लागू होतो. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपण लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. पैसे ठरलेल्या तारखेला, आणि करार काहीही असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. नवव्या चलानाबद्दल इंजिनिअर फोनवर बोललाही असेल, पण त्या बोलण्याला इथे किंमत नाही. दोन ओळींचा ईमेल हवा, चलान नंबर आणि तारखेसह.

आपल्या नमुन्यात क्रेडिट नोट आली आणि ९९.५ चे पैसे गेले. तक्त्यात ऑर्डरपुढे शिल्लक दिसतेय अर्धा घनमीटर. तेवढ्यासाठी कुणी गाडी मागवणार नाही. पण ऑर्डर कुणी बंद केली नाही, तर तो अर्धा आणि पाच टक्के सुटीचे पाच मिळून साडेपाच घनमीटरची जागा तिथे उघडी राहते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या साइटचं एखादं चलान चुकून या ऑर्डरवर आलं, तर जवळजवळ एक अख्खी गाडी तिच्यात बिनबोभाट मावेल. म्हणून पैसे सोडल्यावर हिशेबनीसाचं शेवटचं काम उरतं ते ही ऑर्डर शॉर्ट-क्लोज करण्याचं आणि अठराही चलान नंबरांवर ‘बिल झालं’ अशी खूण करण्याचं.