नकार शेवटी येतो, तेव्हा श्वास उरलेला हवा

शेतातल्या मातीचा नमुना कसा घ्यावा, हे दीड मिनिटात समजावणारा व्हिडिओ करायचा आहे असं समजा. मजकूर विषयतज्ज्ञाकडून येतो आणि तो बहुधा अशा वळणाचा असतो:

‘माती परीक्षणासाठी नमुना घेताना झाडाखालील, विहिरीजवळील, बांधालगतची तसेच जनावरे बसण्याची व खत टाकण्याची जागा वगळून शेतातील आठ ते दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सें.मी. खोल खड्डा घेऊन त्याच्या एका बाजूची २ ते ३ सें.मी. जाडीची माती वरपासून खालपर्यंत खुरप्याने काढून घमेल्यात जमा करावी.’

माहितीत काही चूक नाही. कागदावर हे वाक्य चालूनही जातं, कारण वाचणारा अडला तर डोळा मागे नेऊन ‘वगळून’ पुन्हा शोधतो. माइकसमोर मात्र ते म्हणायला वीस सेकंदांच्या वर लागतात. सराईत निवेदकालाही त्यात दोन-तीनदा श्वास घ्यावा लागतो, आणि तो कुठे घ्यावा याची सोय वाक्यानं केलेली नाही. ‘खोल’ म्हणून श्वास घेतला की ‘खड्डा’ पुढे एकटा पडतो.

बोलताना आपण हवा चटकन आत घेतो आणि मग ती हळूहळू सोडत त्यावर बोलतो. हवा संपत आली की तिचा दाब घटतो, आवाज उतरतो आणि शेवटची अक्षरं पुसट होतात. मराठीत नेमकं त्याच जागी क्रियापद असतं. काय करायचं हे शेवटी कळतं, आणि करायचं की नाही, हे तर सगळ्यात शेवटी. ‘झाडाखालची, विहिरीजवळची, जनावरं बसतात तिथली माती नमुन्यासाठी घेऊ नये’ या वाक्याचा सगळा अर्थ ‘नये’वर टांगलेला आहे. निवेदकाचा दम संपला आणि ऐकणारा वाऱ्यात, फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकत असला, तर त्याच्या कानी पडतं ‘माती घेऊ’. म्हणून संहिता तपासताना मी आधी नकाराची वाक्यं शोधतो आणि त्यांनाच सगळ्यात आखूड करतो.

वाक्य किती लांब चालेल? सावकाश निवेदनात मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. पाच-सहा सेकंदांचं वाक्य आरामात एका श्वासात बसतं, म्हणजे दहा-बारा शब्द. पण नुसते शब्द मोजून भागत नाही. कागदावर ‘१५ ते २० सें.मी.’ एवढीशी जागा घेतं. तोंडानं ते ‘पंधरा ते वीस सेंटिमीटर’ असतं. त्यामुळे निवेदनाच्या प्रतीत आकडे आणि संक्षेप अक्षरांत लिहून काढावेत, मगच लांबी पाहावी. शिवाय ख, थ, ध, भ, ह अशा वर्णांना हवा जास्त लागते. ती दाटीनं आली तर आखूड वाक्यही दमवतं.

खरी परीक्षा मोठ्यानं वाचूनच होते, तीही रेकॉर्डिंगच्या वेगानं. कुजबुजत वाचू नये, कारण कुजबुजण्यात हवा वेगळ्या तऱ्हेनं खर्च होते आणि अंदाज चुकतो. सुटं वाक्य वाचूनही फसगत होते. आधीची दोन वाक्यं म्हणून मग तिसऱ्यावर यावं, तेव्हा दम किती उरतो ते कळतं. वाक्याच्या शेवटाकडे वेग आपोआप वाढला, किंवा क्रियापद गिळलं गेलं, की ते वाक्य लांब आहे.

आता वरचं वाक्य फोडू. तोडण्याच्या जागा त्यातच आहेत: ‘वगळून’, ‘घेऊन’, ‘काढून’. प्रत्येक ‘ऊन’ ही एक पुरी झालेली कृती असते, तिला स्वतःचं क्रियापद दिलं की वाक्य सुटं होतं. पहिल्या हातात मात्र हमखास असं काहीतरी होतं: ‘आठ जागा निवडा. खड्डा घ्या. माती काढा. घमेल्यात टाका.’ श्वासाला हे सोपं आहे, पण कानाला हुकूम सोडल्यासारखं वाटतं. एका कृतीचा दुसरीशी असलेला धागाही तुटतो. दुसऱ्या हातात तो धागा परत आणायचा:

‘मातीचा नमुना एकाच जागेवरून घेऊ नका. शेतात फिरून आठ-दहा जागा निवडा. झाडाखालची, बांधालगतची, विहिरीजवळची जागा सोडून द्या. जिथं जनावरं बसतात, खत पडतं, तिथली मातीही नको. निवडलेल्या प्रत्येक जागी व्ही आकाराचा खड्डा घ्या. त्याची खोली पंधरा ते वीस सेंटिमीटर ठेवा. मग खड्ड्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. थर दोन-तीन सेंटिमीटर जाड हवा. सगळ्या जागांची माती एकत्र करा.’

नमुना एकाच जागेचा नको, ही गोष्ट मूळ वाक्यात ‘आठ ते दहा ठिकाणी’ या शब्दांत दडलेली होती. इथं ती सहा शब्दांत आणि सगळ्यात आधी आली, त्यामुळे पुढच्या खटाटोपाचं कारणही कळलं. लांब यादीच्या शेवटचा नकार ‘सोडून द्या’ या होकारार्थी क्रियेत बदलला. खोलीच्या आकड्याला स्वतंत्र वाक्य मिळालं. तिथं ‘वीतभर’ लिहिण्याचा मोह होतो, पण वीत वीस सेंटिमीटरच्या थोडी वर जाते. म्हणून आकडा तसाच ठेवून पडद्यावर खड्ड्यात उभी पट्टी दाखवावी. खुरपं आणि घमेलं शब्दांतून गेली, कारण ती चित्रात दिसणारच आहेत. हे गाळणं गरजेचंही असतं. वाक्यं सुटी केली की मधल्या विरामांमुळे एकूण वेळ वाढतो आणि दीड मिनिटाचे दोन व्हायला वेळ लागत नाही.

एका ठिकाणी कात्री आवरायला हवी, ती म्हणजे ‘जर-तर’. ‘खत नुकतंच घातलं असेल, तर दोन-तीन महिने थांबा’ हे वाक्य फोडून ‘दोन-तीन महिने थांबा’ सुटं केलं, तर अट मागे राहते आणि सल्ला सगळ्यांना लागू होतो. अशा वाक्यात ‘तर’च्या आधी छोटा विराम आपसूक मिळतो. प्रतीत तिथं तिरपी रेघ मारून ठेवावी आणि दोन्ही भाग एकाच श्वासात ठेवावेत.

सगळ्यात अवघड असते यादी. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत मातीचे बारा घटक तपासले जातात. ती बारा नावं एका दमात घेऊन शेवटी ‘यांची तपासणी केली जाते’ म्हटलं, तर तिथं पोचेपर्यंत निवेदक दमतो आणि ऐकणारा सुटतो. इथं क्रियापदाला आधी मोकळं करायचं: ‘पत्रिकेत बारा गोष्टी कळतात.’ मग तीन श्वास. ‘नत्र, स्फुरद, पालाश ही तीन मुख्य अन्नद्रव्यं आणि गंधक हे दुय्यम.’ ‘जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन ही पाच सूक्ष्म.’ ‘उरलेल्या तीन गोष्टी म्हणजे सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब.’ प्रत्येक गटाबरोबर पत्रिकेचा तेवढाच भाग पडद्यावर उजळतो. निवेदक ‘विद्युत वाहकता’ला अडखळला, तर तेवढं एक वाक्य पुन्हा घ्यायचं. दोन्ही बाजूंना श्वासाची जागा मोकळी असल्यामुळे संकलकाला नवं वाक्य तिथं सांध्याशिवाय बसवता येतं.