पहिली नोकरी (भाग 7) : परीक्षेत गेलेली वर्षे कशी सांगायची?

धाडहून बुलडाण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला अभ्यासिकेत बसलेला पदवीधर खासगी नोकरीकडे वळतो, तेव्हा अर्जातल्या रिकाम्या वर्षांसमोर बहुधा एवढेच लिहितो : ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’. यावरून समोरच्याला काहीच पडताळता येत नाही. कोणती परीक्षा, दिली का, कुठवर पोहोचला, आता थांबला का? माझ्या मते भरती करणाऱ्याला खंडापेक्षा ही संदिग्धता जास्त खटकते. म्हणून कंपनीला पाठवायच्या टिपणात भावना कमी आणि तारखा जास्त हव्यात.

राज्यसेवा पूर्व परीक्षा 2024 चेच घ्या. ती 28 एप्रिल 2024 ला ठरली होती. पुढे 25 ऑगस्ट ही तारीख आली. त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षा असल्याने पुण्यात विद्यार्थी आंदोलनाला बसले, आयोगाने परीक्षा पुन्हा पुढे ढकलली आणि ती 1 डिसेंबरला झाली. म्हणजे एकाच प्रयत्नात सात महिने नुसत्या वाट पाहण्यात वाढले. समजा, एखादी मुलगी 2023 च्या उन्हाळी परीक्षेत बी.कॉम. झाली आणि तिने हीच परीक्षा दिली. लेखा सहायकाच्या जागेसाठी तिचे टिपण असे असावे : ‘2023 मध्ये पदवीनंतर मी राज्यसेवेची तयारी केली. एप्रिल 2024 ची पूर्व परीक्षा लांबून 1 डिसेंबरला झाली. मी ती दिली, मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले नाही. आता परीक्षा देणे थांबवले आहे. या काळात टॅलीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रवेशपत्र व प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’ यात ‘जिद्द’, ‘चिकाटी’ असे शब्द नाहीत, कारण ते कोणीही लिहू शकतो. लांबणीचा उल्लेखही एकाच वाक्यात आहे. तो वाढला की टिपणाची तक्रार होते.

यावर म्हटले जाईल की अपयश आपणच का सांगायचे? ते लपवले, तरी मुलाखतीत पहिला प्रश्न त्याचाच येतो, आणि तिथे अडखळणे महागात पडते. काही जण ओळखीच्या दुकानाचे खोटे अनुभवपत्र जोडतात. पगारपत्रके, बँक खात्यातल्या नोंदी किंवा भविष्य निर्वाह निधीचा तपशील मागितला की ते उघडे पडते, आणि मग खंडापेक्षा खोटेपणाच नडतो. भरती करणाऱ्याची दुसरी शंका खरी आहे : निकाल लागला की उमेदवार सोडून जाईल. तिला ‘परीक्षा देणे थांबवले आहे’ या वाक्याने उत्तर मिळते, पण ते खरे असेल तरच. एखादा निकाल बाकी असेल, तर त्या परीक्षेचे नाव लिहून तो बाकी असल्याचे सरळ सांगावे. काही ठिकाणी त्यामुळे नकार येईल. रुजू होऊन दोन महिन्यांत राजीनामा देण्यापेक्षा तो बरा.

टिपण पाठवण्याआधी त्यातली प्रत्येक तारीख प्रवेशपत्राशी ताडून पाहा.