बदली झाली, 'एकस्तर' मात्र राहिले!
आदिवासी क्षेत्रातील वेतनाचा घोळ आणि वित्त विभागाच्या अहवालाची रीत

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग आदिवासी उपयोजना क्षेत्रात मोडतो. नारायणगाव, मंचरकडील पूर्व भाग मोडत नाही. नकाशावरची ही रेषा येथील सरकारी व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या पगारपत्रकातूनही जाते. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला मूळ पदाच्या वरची, म्हणजे पदोन्नतीच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. बोलीभाषेत यालाच 'एकस्तर' म्हणतात. तो कर्मचारी बिगर आदिवासी क्षेत्रात आला, की त्याने मूळ श्रेणीत परतावे, अशी त्यातील अट आहे. चूक होते ती नेमकी या परतण्याच्या टप्प्यावर.

कर्मचारी दुसऱ्या तालुक्यात गेला, तर त्याच्यामागे अंतिम वेतन प्रमाणपत्र जाते. नवे कार्यालय ते वाचते आणि वेतन नव्याने तपासले जाते. भीमाशंकरच्या बाजूच्या शाळेतून मंचरजवळच्या शाळेत आलेल्या शिक्षकाचे तसे नसते. तालुका तोच, पगार काढणारी पंचायत समितीही तीच. शाळेचे नाव बदलते आणि मागच्या महिन्याचे मूळ वेतन पुढच्या महिन्यात जसेच्या तसे उतरते. त्यात २०१७ च्या बदली धोरणातील 'अवघड क्षेत्रा'ची भर पडली. अवघड गावांची यादी वेगळी आणि आदिवासी उपयोजनेतील गावांची वेगळी. पहिल्या यादीवरून एकस्तर ठरवणे हीदेखील चूकच होय.

अशी चूक लक्षात आल्यावर वित्त विभागाच्या अहवालाने प्रथम व्याप्ती ठरवावी लागते. तक्रार एकाची असली, तरी तपासणी बदली आदेशांपासून सुरू व्हायला हवी. रेषा ओलांडून आलेल्या प्रत्येकाचे नाव, रुजू दिनांक आणि सेवापुस्तकातील वेतननिश्चितीची नोंद पगारपत्रकाशी ताडून पाहिली, की यादी आपोआप तयार होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: बदलीच्या महिन्यात मूळ वेतन कमी झालेले दिसायला हवे, ते कायम असेल, तर शंका घ्यावी.

रक्कम ठरवताना मात्र सरसकट गुणाकार चालत नाही. समजा, बदलीनंतरही एकस्तर चालू राहिलेल्या एका कर्मचाऱ्याचे मे २०२४ मध्ये मूळ श्रेणीत वेतन ३९,२०० रुपये असायला हवे होते आणि दिले गेले ४१,१००. फरक १,९०० रुपयांचा. त्यावर ५० टक्के महागाई भत्ता ९५० रुपये, म्हणजे घरभाडे भत्ता सोडून २,८५० रुपये जादा. परंतु तो राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असेल, तर त्यातले दहा टक्के, म्हणजे २८५ रुपये, त्याच्या खात्यात कपात झाले आणि शासनाचा १४ टक्के हिस्सा, ३९९ रुपये, वेगळा जमा झाला. कर्मचाऱ्याच्या हाती पडले ते २,५६५ रुपये, तर तिजोरीतून गेले ३,२४९. हे दोन आकडे वेगळे न मांडणारा अहवाल अपुरा समजावा. शिवाय दर जुलैची वेतनवाढ चुकीच्या वेतनावर लागत जाते आणि भत्त्याचा दरही बदलतो. म्हणून तक्ता महिनावारच हवा.

दुरुस्तीचे दोन भाग आहेत आणि त्यांची गल्लत हा वादाचा मूळ विषय. पुढील महिन्यापासून वेतन योग्य करणे हा पहिला. यासाठी सुधारित वेतननिश्चिती आदेश निघतो, सेवापुस्तकात नोंद होते. तत्पूर्वी कर्मचाऱ्याला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक असते. दिलेले पैसे परत घेणे हा दुसरा. येथे सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह प्रकरणातील निकाल आडवा येतो. गट क आणि ड मधील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळालेले, यांच्याकडून वसुली करू नये, असे न्यायालयाने त्यात नमूद केले. प्राथमिक शिक्षक गट क मध्येच येतात. मात्र २०१६ च्या जगदेव सिंग निकालात, वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिलेल्या निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुली वैध ठरली. त्यामुळे असे हमीपत्र दिले होते का, कधी आणि कशाबद्दल, हा रकाना तक्त्यात हवाच. तो नसताना काढलेला सरसकट वसुली आदेश न्यायालयात टिकणे अवघड जाते.

याच तपासणीत उलट चूकही सापडते: पूर्वेकडून पश्चिमेला गेलेल्या कर्मचाऱ्याला एकस्तर लागूच झालेले नसते. त्याची थकबाकी त्याच अहवालात, तशाच महिनावार तक्त्यात मांडली जायला हवी. वसुलीच्या घाईत ही पाने बहुधा कोरीच राहतात.