थंबनेलचं चित्र एआयला कसं सांगावं?

समजा, मंगरूळपीरच्या बागायतदाराला संत्र्याच्या फळगळीवर व्हिडिओ टाकायचा आहे. एआयला नुसतं ‘संत्र्याची बाग’ सांगितलं, तर पानाफळांनी सगळी चौकट भरते आणि मथळ्याला जागाच उरत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘१६:९ आडवं चित्र. डावीकडे देठापासून तुटलेलं एकच मोठं संत्रं, बाजूने कडक उजेड. उजवा अर्धा भाग सपाट, गडद निळा. अक्षरं नकोत.’ नारिंगी रंग निळ्यावर लगेच उठतो. ‘मोकळी जागा’ एवढंच म्हटलं तर तिथे ढग नाहीतर फांद्या येतात, म्हणून त्या जागेचा रंग सांगायचाच. देवनागरी जोडाक्षरं एआय अनेकदा मोडतं; मथळा नंतर स्वतः टाका. तो खालच्या उजव्या कोपऱ्यात मात्र नको, तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं.