बाकरवडी बंद करायची का?

पुण्याजवळ भाड्याच्या गाळ्यात चिवडा, बाकरवडी आणि शेव बनवणारा एक छोटा कारखाना आहे, असं धरून चालू. महिन्याला चिवडा ९ लाखांचा खपतो, बाकरवडी ६ लाखांची आणि शेव ३ लाखांची. महिनाअखेरीस हिशेबाचा कागद येतो. चिवड्यात १ लाख २० हजार नफा, शेवेत २० हजार नफा आणि बाकरवडीत ६० हजार तोटा. नुकताच धंद्यात आलेला मुलगा म्हणतो, "बाबा, बाकरवडी बंद करू. महिन्याचे साठ हजार वाचतील."

ते वाचणार नाहीत. उलट महिन्याला १ लाख १० हजारांचा फटका बसेल. मुलाची बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही, आणि म्हणूनच ही चूक सहज लक्षात येत नाही.

बाकरवडीच्या रकान्यात काय काय आहे ते सुटं करून पाहू. विक्री ६ लाख. बेसन, तेल, मसाला, गॅस, पाकिटं आणि वितरकाचं कमिशन मिळून ४ लाख २० हजार. हा बदलता खर्च. बाकरवडी केली नाही तर तो होणारच नाही. बाकरवडीचा खास कारागीर आणि भाड्याने घेतलेलं यंत्र यांचे ७० हजार. कारागिराला शेवेवर काम नाही आणि यंत्र परत करता येतं, म्हणून हा खर्चही बाकरवडीबरोबर जातो. उरले १ लाख ७० हजार. हे कुठून आले?

गाळ्याचं भाडं, व्यवस्थापकाचा पगार, टेम्पो, कर्जावरचं व्याज, वीजबिलातला स्थिर आकार असा सगळ्या कारखान्याचा सामाईक खर्च महिन्याला ५ लाख १० हजार आहे. हिशेबनिसाने तो विक्रीच्या प्रमाणात वाटला. एकूण विक्रीत बाकरवडीचा वाटा एक तृतीयांश, म्हणून तिच्या नावावर १ लाख ७० हजार पडले. ही वाटणी कागदावरची आहे. बाकरवडी बंद झाली म्हणून गाळेमालक भाडं कमी करणार नाही आणि बँक व्याजदर खाली आणणार नाही.

म्हणजे बाकरवडी थांबली की बदलता खर्च वगळून हाती येणारे १ लाख ८० हजार जातात आणि वाचतात फक्त ७० हजार. आज तिन्ही पदार्थ मिळून कारखान्याला ८० हजार नफा आहे. बाकरवडीशिवाय तो ३० हजारांच्या तोट्यात जातो.

पुढचा महिना आणखी वाईट. तेच ५ लाख १० हजार आता दोनच पदार्थांवर वाटले जातात. शेवेच्या वाट्याला ८५ हजारांऐवजी १ लाख २७ हजार ५०० येतात आणि कालपर्यंत नफ्यात असलेली शेव साडेबावीस हजारांच्या तोट्यात दिसू लागते. चिवडासुद्धा साडेसात हजारांनी लाल शाईत जातो. चव तीच, गिऱ्हाईक तेच, फक्त खांद्यावरचं ओझं वाढलं. कागदावरच विश्वास ठेवला तर आता शेवेवर कुऱ्हाड चालवावी लागेल, मग चिवड्यावर. एकेक 'तोट्यातला' माल कापत धंदा गुंडाळला जातो तो असाच.

मग बाकरवडी कायमची चालवायची का? तसंही नाही. सामाईक खर्च टळत नाही हे आजच्यापुरतं खरं आहे. गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा असेल आणि तो दोन महिन्यांत संपत असेल, तर निम्मी जागा सोडता येते. मग तेवढं भाडं टाळता येणाऱ्या खर्चात येतं आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो. याउलट यंत्र भाड्याचं नसून विकत घेतलेलं असेल, तर कागदावरचा घसारा वाचला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. तो पैसा गेलेलाच आहे. यंत्र विकून आज जे हाती येईल तेवढंच मोजायचं. कारागिराला कमी करताना द्यावी लागणारी भरपाई तर अशा हिशेबात बहुतेक वेळा विसरलीच जाते.

या बाकरवडीला बंद करण्याचा आकडा मात्र ठरवता येतो. शंभर रुपयांच्या विक्रीत बदलता खर्च वगळून तीस रुपये उरतात. तिचा स्वतःचा खर्च ७० हजार. म्हणजे विक्री साधारण २ लाख ३३ हजारांच्या खाली घसरली, तर ती स्वतःचंही भागवत नाही. तेल-बेसन इतकं महागलं की पाकिटामागचा खर्चच किमतीच्या वर गेला, तर इतकं थांबायचीही गरज नाही. मग जास्त खप म्हणजे जास्त तोटा.

आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे रिकाम्या होणाऱ्या जागेचा. समजा, तीच जागा वापरून दुसऱ्या ब्रँडसाठी चकली करून द्यायचं काम मिळतंय आणि त्या कामाचा स्वतःचा खर्च जाऊन महिन्याला दीड लाख उरणार आहेत. मग बाकरवडी सोडणं ४० हजारांनी फायद्याचं. पण बाकरवडीसाठी येणारा दुकानदार जाताना चिवडाही नेत असतो. त्यामुळे चिवड्याचा खप दहा टक्क्यांनी जरी उतरला, तरी ते ४० हजार जवळजवळ तिथेच संपतात. हा आकडा टॅलीत मिळत नाही. त्यासाठी दुकानदारांशी बोलावं लागतं, आणि वितरकाला हे मालकापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मोठ्या कंपन्यांनाही हेच कोडं पडतं, फक्त शून्यं वाढतात. गुजरातमधला साणंदचा टाटा मोटर्सचा कारखाना वर्षाला अडीच लाख नॅनो काढण्याच्या क्षमतेने उभा राहिला. २०११-१२ या नॅनोच्या सर्वांत चांगल्या वर्षीही विक्री पाऊण लाखाच्या आसपासच राहिली. टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून दूर केल्यानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये सायरस मिस्त्री यांचं पत्र बाहेर आलं. त्यात म्हटलं होतं की नॅनोचा खर्च कायम ठरवलेल्या किमतीच्या वरच राहिला, तोटा एका टप्प्यावर हजार कोटींपर्यंत गेला आणि केवळ भावनेपोटी ती बंद करण्याचा निर्णय टळला. हे एका बाजूचं म्हणणं आहे, हे लक्षात ठेवायला हवं. पण ते खरं धरलं, तर नॅनोचं दुखणं आपल्या बाकरवडीपेक्षा वेगळं होतं, कारण बाकरवडी निदान गाळ्याच्या भाड्याला हातभार तरी लावते. शिवाय त्याच वर्षी साणंदमध्ये बनणारी टियागो बाजारात आली होती. कारखान्याचा बोजा उचलायला दुसरी गाडी मिळाली की जुनी सोडणं सोपं होतं. जून २०१८ मध्ये अख्ख्या महिन्यात एकच नॅनो बनली.

तळेगावात जनरल मोटर्सने वेगळी वाट धरली. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात शेवरोले गाड्या विकणं थांबवलं, पण तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू ठेवला. तोट्यातली देशी विक्री गेली आणि उभ्या असलेल्या कारखान्याचा खर्च निर्यातीवर टाकला गेला. हा मार्ग तीन वर्षं चालला. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादनही थांबलं. कामगारांचा वाद मात्र चालूच राहिला, आणि कारखाना ह्युंदाईला देण्याचा करार व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला.