कपाशीत तूर किती? किमान जोखमीचे गणित

यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी निव्वळ कपाशी क्वचितच पेरतो. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचे तास असतातच. बोंडांनी दगा दिला तरी शेंगा हाताशी राहाव्यात, असा त्यामागील विचार. हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये समभागांच्या बाबतीत हाच विचार गणितात मांडला आणि त्याबद्दल १९९० मध्ये त्यास नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दोन जोखमीच्या मालमत्तांचे कोणते प्रमाण ठेवल्यास एकूण चढउतार सर्वांत कमी होतो, हे त्या गणिताने नेमके सांगता येते.

समजुतीसाठी काही आकडे गृहीत धरू. कपाशीपासून एकरी सरासरी निव्वळ उत्पन्न १४ हजार रुपये व त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वरखाली होणारा चढउतार, १२ हजार. तुरीची सरासरी १० हजार, विचलन ८ हजार. दोन्ही पिकांतील सहसंबंध गुणांक ०.२५, म्हणजे दोघांची नशिबे काहीशी जोडलेली, पण फार नाही. दोन्ही पिके वेगवेगळ्या पट्ट्यांत घेतली आहेत असेही समजू.

विचलनाचा वर्ग म्हणजे प्रचरण. हजारांच्या हिशेबात ते कपाशीचे १४४ आणि तुरीचे ६४ भरते. दोन्ही विचलने व सहसंबंध यांचा गुणाकार, १२ × ८ × ०.२५ = २४, हे सहप्रचरण. आता कपाशीचा वाटा काढण्यासाठी तुरीच्या प्रचरणातून सहप्रचरण वजा करावे: ६४ − २४ = ४०. दोन्ही प्रचरणांच्या बेरजेतून सहप्रचरणाची दुप्पट वजा करावी: २०८ − ४८ = १६०. पहिल्यास दुसऱ्याने भागले की ०.२५ मिळतात. दहा एकरांपैकी अडीच एकर कपाशी आणि साडेसात एकर तूर, हा किमान जोखमीचा बिंदू होय. तेथे प्रचरण ५४, म्हणजे विचलन सुमारे ७,३५० रुपये, आणि सरासरी उत्पन्न ११ हजार. ताळा करावयाचा असल्यास कपाशीचा वाटा २० आणि ३० टक्के धरून पाहावे. दोन्हीकडे प्रचरण ५४.४ येते. तळ सापडल्याची ही खूण. शिवाय हा तळ बराच सपाट असल्यामुळे अर्ध्याएक एकराच्या फरकाने काही बिघडत नाही.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तूर हे कमी जोखमीचे पीक, तरीही केवळ तूर पेरणाऱ्याची जोखीम (८ हजार) या मिश्रणापेक्षा अधिक आहे. इतकेच नव्हे, निम्मी कपाशी व निम्मी तूर घेतल्यास विचलन तेवढेच, ८ हजार, राहते. सरासरी मात्र १२ हजारांवर जाते. आडव्या अक्षावर विचलन आणि उभ्या अक्षावर सरासरी घेऊन आलेख काढला, तर उजवीकडे उघडणारा वक्र दिसतो. त्याचे डावीकडील टोक म्हणजे आपला किमान बिंदू. टोकापासून वर कपाशीकडे जाणारी बाजू ही कार्यक्षम सीमा, अर्थात ‘एफिशियंट फ्रंटियर’. खालची, निव्वळ तुरीकडे जाणारी बाजू शहाण्याने टाळावी. कारण तेवढ्याच जोखमीत वर अधिक उत्पन्न उपलब्ध आहे.

किमान बिंदू हा सीमेचा आरंभ आहे, सर्वांना मान्य व्हावा असा मुक्काम नव्हे. ज्याला जास्त उत्पन्नाची गरज आहे तो वर सरकेल. आपल्याकडील प्रथा बहुधा सीमेच्या वरच्या भागातच मोडते. कपाशी ८० टक्के ठेवली तर निव्वळ कपाशीच्या तुलनेत सरासरी केवळ ८०० रुपयांनी घटते, पण विचलन १२ हजारांवरून १०,१०० वर उतरते. थोडी तूर बरेच काही वाचवते, ते असे.

सगळा भार सहसंबंधावर आहे आणि तोच आकडा सर्वांत कच्चा असतो. २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे अमाप पीक आले आणि भाव हमीभावाखाली गेले. पुढच्या, २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. संकटे अशी वेगवेगळ्या वाटांनी आली तर सहसंबंध कमी राहतो. पाऊसच रुसला तर दोन्ही पिके एकत्र वाळतात. आपल्या आकड्यांत ही मर्यादा ८ भागिले १२, म्हणजे ०.६७ वर आहे. सहसंबंध तेथे पोहोचला की कपाशीचा किमान जोखमीचा वाटा शून्य होतो. तो ०.७५ झाला तर सूत्र उणे साडेबारा टक्के कपाशी सांगते. शेअर बाजारात ‘शॉर्ट सेल’ करून असा उणे वाटा घेता येतो. शेतात उणे पेरणी नसते. अशा वेळी निव्वळ तूर हेच किमान जोखमीचे उत्तर उरते.